ओळ कुठे मोडायची

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी एका संस्थेने मराठी गोष्टींची पुस्तिका करायला घेतली आणि छपाईला जाण्यापूर्वी तिची मांडणी तपासायचं काम माझ्याकडे आलं. तिसरी-चौथीतली ही मुलं. तोंडी गोष्ट रंगवून सांगतात, पण छापलेल्या ओळीपाशी अडखळतात. मांडणी करणाऱ्या काकांनी काम मन लावून केलं होतं. त्यांच्या हाती ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या सूचना होत्या आणि त्यांनी त्या एकेक करून पाळल्या होत्या. साधं वळण असलेला टाईप, अक्षराअक्षरात जास्त अंतर, दोन ओळींत मोकळी जागा, डावी कड सरळ आणि उजवी मोकळी. तरीही पान वाचायला जड जात होतं. सूचना चांगल्याच होत्या, पण त्या रोमन लिपीचं पान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या होत्या. देवनागरीचा शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो, त्याला वर मात्रा आणि खाली उकार असतात. प्रत्येक सूचना या लिपीत नेमकं काय करते, हे कागदावर छापून पाहणं भाग होतं.

टाईपपासून सुरुवात केली. डिस्लेक्सियासाठी खास बनवलेला फॉन्ट देवनागरीत मिळेल का, असं संस्थेने सुरुवातीलाच विचारलं होतं. असे फॉन्ट रोमन लिपीत आहेत. त्यांत अक्षरांचा तळ जाड केलेला असतो, म्हणजे मुलांची बी आणि डीसारख्या आरशातल्या अक्षरांत गल्लत होणार नाही अशी त्यामागची कल्पना. पण २०१६ नंतर झालेल्या तपासण्यांत या फॉन्टमुळे वाचन सुधारल्याचं दिसलं नाही. एका अभ्यासात जो थोडा फायदा दिसला, तो अक्षरांच्या आकारामुळे नव्हता, त्या फॉन्टमध्ये अंतर जास्त होतं म्हणून होता. शिवाय देवनागरीतली गल्लत वेगळ्या ठिकाणी होते. आपल्याकडे मुलं ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांत चुकतात, आणि या तिन्ही जोड्यांत फरक जवळजवळ एकाच जागी असतो. ध, भ, थ यांच्या डाव्या बाजूला शिरोरेषा पोचत नाही, तिथे एक लहानशी फट असते. घ, म, य यांच्यावर ती सलग जाते. म्हणजे अक्षर ओळखायची सगळी भिस्त त्या फटीवर.

म्हणून मी फॉन्ट तपासताना एक वाक्य ठरवून घेतलं आहे: ‘धरणाच्या घळीत भर दुपारी मगर झोपली होती.’ ते पडद्यावर मोठं करून पाहण्यात अर्थ नाही. ज्या मापात पुस्तक छापायचं त्याच मापात, ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर ते छापून घ्यायचं. काकांनी निवडलेला फॉन्ट गोलसर, खेळकर, मुलांना आवडेल असा होता. पडद्यावर त्यातला ध स्वच्छ दिसत होता. १४ पॉइंटात, चकाकी नसलेल्या कागदावर शाई किंचित पसरली आणि फट बुजली. ‘धरण’ की ‘घरण’ हे मला संदर्भावरून कळत होतं. ज्या मुलाला संदर्भापर्यंत पोचायला अजून तीन शब्द झगडायचं आहे, त्याला ते कळणार नव्हतं.

आणखी काही गोष्टी त्याच कागदावर दिसतात. ख हे अक्षर र आणि व असं सुटं दिसत असेल तर ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांत भेद राहत नाही, म्हणून ख चा तळ जोडलेला हवा. ‘दुसऱ्या’मधली र ची आडवी पापणी बारीक वजनाच्या फॉन्टमध्ये हरवते. ‘स्थिती’मधल्या पहिल्या वेलांटीची कमान जोडाक्षरावर पुरी गेली पाहिजे. ती आखूड असेल तर ती स् चीच वाटते. ल आणि श यांची वळणं मराठी पाठ्यपुस्तकातली हवीत. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच मराठी वळण उमटतं. काकांच्या फाइलमध्ये भाषा हिंदी राहिली होती. मोठ्या माणसाचं अशा फरकाने काही अडत नाही. पण शाळेत एक ल आणि या पुस्तकात दुसरा ल दिसला, की अक्षर ओळखण्यात आधीच दमणाऱ्या मुलाला एक अक्षर वाढवून दिल्यासारखं होतं.

खरी अडचण अक्षरांतल्या अंतराची होती. २०१२ मध्ये मार्को झोर्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटालियन आणि फ्रेंच मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की डिस्लेक्सिया असलेली मुलं त्याच क्षणी, कुठलाही सराव न करता, जास्त बरोबर आणि जास्त वेगाने वाचतात, असं त्यात दिसलं. शेजारची अक्षरं एकमेकांना दाटीवाटीने झाकोळतात आणि या मुलांना ती दाटी इतरांपेक्षा जास्त बाधते, हे त्यामागचं स्पष्टीकरण. तेव्हापासून अंतर वाढवा ही सूचना सगळीकडे गेली. काकांनीही पूर्ण मजकुराला `Tracking` ४० दिलं होतं.

देवनागरीत याने काय होतं ते ‘बागा’ हा शब्द भिंगाखाली धरून पाहिल्यावर कळलं. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्ही बाजूंना केसभर पुढे काढलेली असते, म्हणजे शेजारच्या अक्षराच्या रेषेवर ती थोडी चढते आणि शब्दावरची रेष अखंड दिसते. अंतर अगदी थोडं वाढवलं तर ते या चढीत मुरून जातं. त्याहून वाढवलं की रेष तुटते. आणि ती फक्त अक्षराअक्षरात तुटत नाही. काना हा फॉन्टच्या दृष्टीने वेगळा तुकडा असतो, त्यामुळे तो आपल्या व्यंजनापासूनही सुटतो. ‘बागा’मध्ये ब, काना, ग, काना असे चार तुकडे वेगवेगळे उभे राहिले. त्यात ग ला स्वतःचा उभा दंड आहेच. आता या उभ्या दंडांपैकी कुठला अक्षराचा आणि कुठला काना, हे मुलाने एकेक करून ठरवायचं. ‘राणा’, ‘आशा’, ‘गाणं’ या शब्दांचं तेच. दाटी कमी करायला गेलो आणि शब्दाला एकत्र बांधणारी रेषच सोडवली.

मी काकांना अंतर शून्यावर आणायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, मग मुलांना दाटी होणार नाही का? कागदावर तर स्पष्ट लिहिलंय.” त्यांचा प्रश्न रास्त होता. अक्षरं मोकळी हवीतच, फक्त ती रेष न तोडता मोकळी करायची होती. त्याचा एक रस्ता म्हणजे मुळात रुंद बांध्याचा फॉन्ट घेणं. मुंबईच्या एक टाईपने केलेल्या ‘अनेक देवनागरी’त अरुंदपासून रुंदपर्यंत वेगवेगळे बांधे मिळतात. त्यातला `SemiExpanded` हा बेताने रुंद बांधा आम्ही घेतला. अक्षराच्या पोटातली जागा आणि दोन अक्षरांमधली जागा दोन्ही वाढतात, शिरोरेषा मात्र अखंड राहते, कारण ती त्या रुंदीसाठीच काढलेली आहे. धरणाचं वाक्य त्यात छापून पाहिलं, ध ची फट शाबूत होती. माप १४ वरून १६ पॉइंट केलं.

दुसरा रस्ता शब्दांमधल्या अंतराचा. देवनागरीत नवा शब्द सुरू झाला हे रेष खंडित झाल्यावरून कळतं, म्हणून हा खंड ठसठशीत हवा. बहुतेक फॉन्टमधली मोकळी जागा नेहमीच्या वाचकाला पुरते, या मुलांना कमी पडते. आम्ही ती मूळच्या १३५ टक्के केली. १५० टक्केही करून पाहिली, पण तेव्हा एका ओळीतल्या खंडाखाली पुढच्या ओळीतला खंड येऊन पानातून पांढऱ्या वाटा उतरायला लागल्या आणि डोळा आडवा जाण्याऐवजी खाली घसरू लागला. इथे एक खुबी आहे. `Justification` या खिडकीत शब्दांतलं अंतर तीन आकड्यांत द्यावं लागतं, आणि उजवी कड मोकळी असेल तेव्हा त्यातला फक्त मधला, हवासा आकडा लागू होतो. सगळ्या ओळींत अंतर सारखं राहतं ते त्यामुळेच.

ओळींमधलं अंतर दीडपट असावं ही सूचनाही रोमनला पुरते. आपल्याकडे एका ओळीतला ‘ट्रू’ खाली लोंबतो आणि पुढच्या ओळीतला ‘र्कीं’ वर चढतो. दोघं समोरासमोर आले की दाटी उभी होते. १६ पॉइंटाच्या अक्षरासाठी एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत २८ पॉइंट ठेवले तेव्हा उकार आणि रफार एकमेकांपासून स्पष्ट सुटले.

एवढं झाल्यावर आम्ही ओळींच्या शेवटाकडे वळलो, आणि या कामात सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

दोन्ही कडा सरळ करायची सवय आपल्या छपाईत मुरलेली आहे. मराठी शब्द लांब असतात, कारण विभक्ती, शब्दयोगी अव्ययं सगळी शब्दालाच चिकटतात. ‘पावसाळ्यातल्या’, ‘शाळेसमोरच्या’ असे शब्द ओळीच्या शेवटी मावले नाहीत की पूर्णच्या पूर्ण खाली जातात, कारण लहान मुलांच्या पुस्तकात शब्द तोडून छापणं बरं नाही. मग वरच्या ओळीत उरलेल्या तीन-चार शब्दांना ताणून कडेपर्यंत न्यावं लागतं आणि प्रत्येक ओळीत शब्दांतलं अंतर वेगळं होतं. म्हणून उजवी कड मोकळी ठेवणं या मुलांसाठी आवश्यकच. काकांनी ती ठेवलीही होती. पण मोकळी ठेवली म्हणजे संगणक मोडेल तिथे ओळ मोडते. मुलाला त्याचा त्रास होतो, आणि तो पानाकडे नुसतं बघून लक्षात येत नाही.

तो लक्षात आला एका चौथीतल्या मुलाबरोबर वाचताना. विशेष शिक्षिका असलेल्या बाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या आणि मी पाठीमागून त्याच पानाच्या प्रतीवर खुणा करत होते. कुठे थांबला, कुठे मागे गेला, कुठे ओळ चुकली. पानावर आधीच्या वाक्याच्या शेवटाला जोडून मजकूर असा होता:

आजी बाजारात गेली
नाही. ती अंगणात बसून शेंगा
सोलत होती.

त्याने वाचलं, “आजी बाजारात गेली.” आवाज खाली आणला, थांबला, श्वास घेतला. मग, “नाही, ती अंगणात बसून शेंगा… सोलत होती.” एकही शब्द चुकला नव्हता. बाईंनी विचारलं, “आजी कुठे गेली होती रे?” तो म्हणाला, “बाजारात. आणि मग अंगणात.” आधी गेली, मग आली असणार, अशी त्याने स्वतःच जुळणी करून घेतली होती.

सराईत वाचकाचा डोळा ओळीच्या टोकाला पोचण्याआधीच पुढच्या ओळीची चाहूल घेतो, म्हणून त्याला ‘नाही’ खाली गेल्याचं काही वाटत नाही. हा मुलगा शब्द शब्द जुळवत टोकापर्यंत येतो आणि टोक आलं की वाक्य संपलं असं समजतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. म्हणजे अर्थ उलटवणारा शब्दच सगळ्यात शेवटी, आणि नेमका तोच ओळीबाहेर पडायची शक्यता. मांडणी बदलून आम्ही ते असं केलं:

आजी बाजारात गेली नाही.
ती अंगणात बसून
शेंगा सोलत होती.

यानंतर आम्ही सगळ्या गोष्टी ओळींच्या शेवटांसाठी पुन्हा वाचल्या, आणि मोठ्याने वाचल्या, कारण जिथे जीभ थांबते तिथेच ओळ थांबायला हवी. ‘नाही’, ‘नको’, ‘नव्हता’ हे आपल्या क्रियापदापासून सुटू द्यायचे नाहीत. ‘धावत होता’, ‘पडून गेलं’ अशा जोड्याही एकत्र. ‘दोन किलो’सारखा आकडा आणि त्याचं माप एकत्र. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ ओळीच्या शेवटी लटकू द्यायचे नाहीत, ते पुढच्या ओळीच्या सुरुवातीला न्यायचे, म्हणजे पुढे काहीतरी आहे हे ओळ सुरू होतानाच कळतं.

याबरोबर कडेचा आकारही पाहावा लागतो. परिच्छेदाच्या मध्येच एखादी ओळ फार आखूड झाली तर मुलाला परिच्छेद संपल्यासारखा वाटतो. मी साधारण दोन तृतीयांशापेक्षा आखूड ओळ दिसली की थांबून पाहते. आजीच्या वाक्यातली ‘ती अंगणात बसून’ ही ओळ आखूडच आहे, पण तिथे अर्थ पुढे ओढून नेतो, म्हणून ती राहू दिली. कडेचा सुबकपणा आणि अर्थाचा तुकडा यांत निवड करायची वेळ आली तर मी अर्थाच्या बाजूने जाते. एका बाबतीत मात्र तडजोड नाही. एकाखाली एक दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होता कामा नयेत. एका पानावर लागोपाठ दोन ओळी ‘मग’ने सुरू होत होत्या आणि तिथे जवळजवळ प्रत्येक मुलाने एक ओळ गाळली. डोळा परत डावीकडे येतो, ‘मग’ सापडतो, तो कुठला ‘मग’ हे त्याला कळत नाही.

ओळीची लांबी आम्ही १२ सेंटिमीटर ठेवली. त्यात या मापाची तीसेक अक्षरं, म्हणजे सहा-सात शब्द बसतात. याहून अरुंद केली असती तर लांब शब्दांमुळे कड फारच दंतुर झाली असती.

मोकळ्या कडेमुळे कागदाचाही विचार बदलतो. कागद पातळ असेल तर आखूड ओळीपुढच्या कोऱ्या जागेत मागच्या पानाच्या शिरोरेषा पुसट दिसतात आणि मुलाचं बोट त्यांच्यावरून पुढे सरकतं. जाड, किंचित पिवळसर कागद घ्यायचाच, पण दोन्ही पानांच्या ओळी एकाच पातळीवर येतील अशीही आखणी करायची, म्हणजे मागची ओळ पुढच्या ओळीआड लपते.

नव्या मांडणीचा फायदा होतो की नाही हे तपासताना तीच गोष्ट दोनदा वाचायला देऊन चालत नाही, दुसऱ्यांदा ती कोणालाही सोपीच जाते. बाईंनी सारख्या कठीणतेच्या दोन गोष्टी काढल्या. निम्म्या मुलांना पहिली गोष्ट जुन्या मांडणीत आणि दुसरी नव्या मांडणीत दिली, उरलेल्यांना उलट. गाळलेल्या ओळी आणि मध्येच खाली येणारा आवाज नव्या मांडणीत स्पष्ट कमी झाला. ‘द्ध’ आणि ‘ह्म’पाशी मुलं अडली ती दोन्हीकडे सारखीच अडली. जोडाक्षर फोडून वाचणं बाईंच्या शिकवण्यातून येतं, ते अंतराने आणि कडेने येणार नाही, आणि हे आम्ही संस्थेला अहवालात तसंच लिहून दिलं.

एक वाक्य कुठेही मोडलं तरी बसेना. चिखलाच्या रस्त्याचं लांबलचक वर्णन आणि क्रियापद पार चौथ्या ओळीत. लेखिकेला फोन केला, तिला पान दाखवलं. तिने त्याची दोन वाक्यं केली आणि पुढच्या गोष्टी लिहिताना अरुंद पट्टीचा कागद समोर ठेवायचं ठरवलं.

फाइल परत देताना काकांशी एका गोष्टीवर बराच वेळ बोललो. हव्या त्या ठिकाणी ओळ मोडायला त्यांनी `Shift+Enter` वापरलं होतं. या पानासाठी ते ठीक आहे. पण उद्या पुस्तकाचं माप बदललं किंवा हाच मजकूर मोबाइलवर गेला, तर ते मोड ओळीच्या मध्ये येऊन उभे राहतील. मोड काढले आणि त्याआधी मोकळी जागा दिलेली नसेल, तर ‘बसूनशेंगा’ असे शब्द चिकटतील. म्हणून ‘गेली नाही’सारख्या जोड्यांमध्ये न तुटणारी जागा घालायची, म्हणजे माप कितीही बदललं तरी त्या एकत्रच राहतात. हाताने केलेले मोड अगदी शेवटी, छपाईच्या प्रतीतच करायचे, आणि मूळ मजकुराची प्रत त्यांच्याविना वेगळी जपायची. काकांनी फाइलच्या नावापुढे तसं लिहून ठेवलं. नवं माप ठरलं की सगळे शेवट पुन्हा मोठ्याने वाचून तपासायचे, हेही खाली जोडलं.